विमा नसण्याचं प्रमाण तेवढंच, तरी आरआरआर १.४६: मल्टिनोमियल लॉजिस्टिकचा निकाल कसा लिहावा

मल्टिनोमियल लॉजिस्टिक रिग्रेशनचं आउटपुट काढायला एक ओळ पुरते. ते वाचताना मात्र चांगले जाणकारही फसतात, आणि फसण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते: छापून आलेलं गुणोत्तर, म्हणजे रिलेटिव्ह रिस्क रेशो किंवा आरआरआर, नेमकं कशाच्या तुलनेत आहे, हे वाक्य लिहिताना निसटतं. हा घोटाळा अगदी स्वच्छ दिसावा असा एक डेटासेट सगळ्यांना खुला आहे, स्टेटासोबत येणारा `sysdsn1`. त्यात एकच भाकीतकारक चल घेतला की सगळे आकडे कॅल्क्युलेटरवर ताडून पाहता येतात. म्हणून हे प्रकरण मुद्दाम तेवढंच छोटं ठेवलं आहे.

डेटा आणि प्रश्न

डेटा अमेरिकेतला आहे, नैराश्य असलेल्या रुग्णांच्या आरोग्य विम्याचा. विम्याचा प्रकार `insure` या चलात आहे आणि त्याचे तीन गट आहेत. पहिला इन्डेम्निटी, म्हणजे उपचार घ्यायचे आणि झालेल्या खर्चाचा ठरलेला वाटा विमा कंपनीने द्यायचा. दुसरा प्रीपेड, म्हणजे ठरावीक रक्कम आधीच भरून नंतर सेवा घ्यायच्या. तिसरा विमाच नसलेल्यांचा. कोडिंग १, २, ३ असं असलं तरी त्यात चढउतार नाही. हे कोड आपसात बदलले तर काही बिघडेल का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. इथे काहीच बिघडत नाही. त्यामुळे ऑर्डिनल मॉडेल बाद होतं आणि मल्टिनोमियल घ्यावं लागतं.

प्रश्न एवढाच: श्वेतवर्णीय आणि श्वेतेतर रुग्णांमध्ये विम्याच्या प्रकारांची वाटणी वेगळी आहे का, आणि असेल तर कुठे? फाइलमध्ये ६४४ नोंदी आहेत, विम्याचा प्रकार त्यांतल्या ६१६ जणांचा नोंदलेला आहे. उरलेले २८ विश्लेषणातून आपोआप गळतात, पण अहवालातून गळता कामा नयेत.

मॉडेल चालवण्याआधी साधा तक्ता काढावा आणि तो शोधनिबंधातही द्यावा:

| विम्याचा प्रकार | श्वेतवर्णीय | श्वेतेतर | एकूण |
|---|---|---|---|
| इन्डेम्निटी | २५१ (५०.७%) | ४३ (३५.५%) | २९४ |
| प्रीपेड | २०८ (४२.०%) | ६९ (५७.०%) | २७७ |
| विमा नाही | ३६ (७.३%) | ९ (७.४%) | ४५ |
| एकूण | ४९५ | १२१ | ६१६ |

शेवटून दुसरी ओळ लक्षात ठेवावी. विमा नसलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे, ७.३ आणि ७.४ टक्के. आता मॉडेल चालवू.

```
webuse sysdsn1, clear
tabulate insure nonwhite, column
mlogit insure i.nonwhite, baseoutcome(1) rrr
test 1.nonwhite
```

`baseoutcome(1)` म्हणजे इन्डेम्निटी हा संदर्भ गट. मिळतं ते असं:

| इन्डेम्निटीच्या तुलनेत | आरआरआर | ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल | पी |
|---|---|---|---|
| प्रीपेड: श्वेतेतर | १.९४ | १.२७ ते २.९६ | ०.००२ |
| विमा नाही: श्वेतेतर | १.४६ | ०.६६ ते ३.२४ | ०.३५ |

इथे पेच पडतो. प्रमाण ७.३ वरून ७.४ झालं, म्हणजे जागचं हललंच नाही. मग आरआरआर १.४६ कुठून आला? पी मोठा आहे म्हणून दुर्लक्ष करा, हे त्याचं उत्तर नाही. डेटा दहापट असता आणि प्रमाणं हीच राहिली असती, तर १.४६ हाच आकडा ठळकपणे लक्षणीय ठरला असता, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण तरीही ७.३ आणि ७.४ टक्केच असतं.

आरआरआर म्हणजे नेमकं काय

मॉडेल प्रत्येक गटाची तुलना फक्त संदर्भ गटाशी करतं. उरलेल्या सगळ्यांशी नाही. श्वेतेतर रुग्णांत दर इन्डेम्निटीवाल्यामागे विमा नसलेले किती? ९ भागिले ४३, म्हणजे ०.२०९. श्वेतवर्णीयांत? ३६ भागिले २५१, म्हणजे ०.१४३. या दोन भागाकारांचा पुन्हा भागाकार केला की १.४६ येतो.

हेच दुसऱ्या बाजूने पाहिलं की नावाचा अर्थही उलगडतो. रिलेटिव्ह रिस्क रेशो म्हणजे दोन सापेक्ष जोखमींचं गुणोत्तर:

```
RRR = (7.44% / 7.27%) / (35.54% / 50.71%)
    = 1.02 / 0.70
    = 1.46
```

अंश पाहा: विमा नसण्याची सापेक्ष जोखीम १.०२, म्हणजे फरक नाहीच. छेद पाहा: इन्डेम्निटीची सापेक्ष जोखीम ०.७०, म्हणजे तिथे मोठी घट. १.४६ हा आकडा जवळजवळ पूर्णपणे छेदातून आला आहे. विमा नसलेल्यांचा गट आहे तिथेच आहे, संदर्भ गट आकसला म्हणून गुणोत्तर फुगलं. प्रीपेडचंही असंच करून पाहावं: १.३६ भागिले ०.७० म्हणजे १.९४. तिथे अंशही वाढला आणि छेदही घटला, म्हणून आकडा आणखी मोठा दिसतो.

यातून लिहिण्यातल्या दोन नेहमीच्या चुका उघड होतात. 'श्वेतेतर रुग्ण प्रीपेडमध्ये असण्याची शक्यता ९४ टक्के जास्त' हे वाक्य चूक, कारण शक्यता ४२.० वरून ५७.० टक्क्यांवर गेली आहे. ती १.३६ पट झाली, दुप्पट झालेली नाही. 'विमा नसण्याची शक्यता ४६ टक्के जास्त' हे तर सरळ खोटं आहे. पहिल्या वाक्यात निदान खरा फरक होता, दुसऱ्यात तोही नाही.

बरोबर वाक्य जरा लांब होतं, त्याला इलाज नाही: 'इन्डेम्निटीऐवजी प्रीपेड असण्याची सापेक्ष जोखीम श्वेतेतर रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या १.९४ पट आहे.' यातला 'ऐवजी' हा शब्द काढला की वाक्याचा अर्थच बदलतो. संपादनात कात्री लागते ती नेमकी त्यालाच, कारण वाचणाऱ्याला तो अडखळवतो. तो राखावा.

काही लेखक याच आकड्याला ऑड्स रेशो म्हणतात, आणि एसपीएसएसच्या तक्त्यात तो `Exp(B)` या मथळ्याखाली येतो. नाव कुठलंही वापरा, पण लेखभर एकच वापरा आणि पहिल्या उल्लेखाला त्याचा अर्थ वाक्यात सांगा. ऑड्स रेशो म्हटल्यावर वाचकाच्या मनात 'हा गट विरुद्ध बाकी सगळे' अशी तुलना येते, आणि तशी तुलना केली तर विमा नसण्याचा ऑड्स रेशो १.०२ निघतो. म्हणून आम्हाला आरआरआर हे नाव जास्त सोयीचं वाटतं. अर्थात 'जोखीम' या शब्दाने इथे काळाच्या ओघात घडणारी घटना सुचवू नये. ही एका वेळच्या स्थितीची नोंद आहे, त्यामुळे 'वाढतो', 'होतो' यापेक्षा 'असतो', 'आढळतो' अशी क्रियापदं वापरावीत.

संदर्भ गट बदलला की काय होतं

डेटा तोच, मॉडेल तेच, फक्त संदर्भ गट प्रीपेड घेतला तर विमा नसलेल्यांच्या ओळीत ०.७५ येतो (०.३५ ते १.६४, पी ०.४८). एकापेक्षा जास्त असलेलं गुणोत्तर एकाखाली गेलं. एका तक्त्यावरून कोणी म्हणेल श्वेतेतरांना विमा नसणं जास्त, दुसऱ्यावरून म्हणेल कमी. दोघंही तेच वाचत आहेत आणि दोघंही चुकत आहेत, कारण प्रमाण बदललेलंच नाही.

आता संदर्भ गट 'विमा नाही' घेऊ. ही कल्पनेतली शक्यता नाही. एसपीएसएसच्या मल्टिनोमियल लॉजिस्टिकमध्ये काहीही न बदलता ठीक म्हटलं तर शेवटचा गट संदर्भ म्हणून घेतला जातो, आणि इथे शेवटचा कोड ३ आहे.

| विमा नसण्याच्या तुलनेत | आरआरआर | ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल | पी |
|---|---|---|---|
| इन्डेम्निटी: श्वेतेतर | ०.६९ | ०.३१ ते १.५२ | ०.३५ |
| प्रीपेड: श्वेतेतर | १.३३ | ०.६१ ते २.८९ | ०.४८ |

दोन्ही पी मोठे. फक्त हा तक्ता पाहणारा 'फरक आढळला नाही' असं लिहून मोकळा होईल. या डेटातला एकमेव ठोस फरक, इन्डेम्निटी आणि प्रीपेड यांच्यातला, तक्त्यात कुठे दिसतच नाही, कारण तो या दोन ओळींच्या मधे आहे. शिवाय दोन्ही तुलना ९ जणांच्या खान्यावर टेकलेल्या आहेत, म्हणून कॉन्फिडन्स इंटरव्हल पसरट आहेत. आरआरआरच्या लॉगची स्टँडर्ड एरर इथे चारही खान्यांच्या व्यस्तांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढलं की मिळते, आणि त्या बेरजेत १/९ एकटाच बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

एसपीएसएसमध्ये आणखी एक गोम आहे. भाकीतकारक चल 'फॅक्टर' म्हणून दिला तर त्याचाही शेवटचा गट संदर्भ धरला जातो. मग छापून येतो तो श्वेतवर्णीयांचा आकडा, श्वेतेतरांच्या तुलनेत, म्हणजे वरच्या सगळ्यांचा व्यस्त. दोन गटांचा चल ० आणि १ असा कोड करून 'कोव्हेरिएट' म्हणून दिला की हे टळतं.

प्रत्येक पॅकेजची सवय वेगळी आहे. स्टेटा सांगितलं नाही तर सर्वांत मोठा गट घेतं, आरमधलं `multinom` फॅक्टरची पहिली पातळी घेतं, आणि सॅसच्या `PROC LOGISTIC` मध्ये `link=glogit` देताना संदर्भ न सांगितल्यास शेवटचा गट घेतला जातो. म्हणून आपोआप ठरलेल्या गटावर विसंबू नये, तो कोडमध्येच लिहून टाकावा. आरमध्ये, `insure` फॅक्टर असेल तर:

```
d$insure <- relevel(d$insure, ref = "Indemnity")
m <- nnet::multinom(insure ~ nonwhite, data = d)
exp(cbind(coef(m)[, "nonwhite"], t(confint(m)["nonwhite", , ])))
```

संदर्भ गट निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: प्रश्नाच्या दृष्टीने तो स्वाभाविक तुलनेचा गट असावा, आणि तो छोटा नसावा. इथे इन्डेम्निटी दोन्ही कसोट्यांवर उतरते. छोटा गटच प्रश्नाच्या केंद्रस्थानी असेल तरी तो संदर्भ करायची गरज नसते. मोठा गट संदर्भ ठेवून छोट्या गटाची ओळ वाचली की तीच माहिती मिळते.

एकूण चाचणी आणि उरलेली जोडी

संदर्भ गट कुठलाही घ्या, एक आकडा हलत नाही: संपूर्ण मॉडेलचा लाइकलिहुड रेशो काय-वर्ग. तो इथे २ मुक्तांशांवर ९.६२ आहे, पी ०.००८. 'विमा नाही' संदर्भ असलेल्या तक्त्यातले दोन्ही पी मोठे असूनही एकूण चाचणी लक्षणीय आहे, यात विसंगती नाही. म्हणून लिहिण्याचा क्रम असा असावा: आधी चलाची सगळ्या समीकरणांवरची एकत्रित चाचणी, मग जोड्या. चल एकापेक्षा जास्त असले तर `test 1.nonwhite` एका चलासाठी हीच एकत्रित चाचणी वॉल्ड पद्धतीने देतं. त्यामुळे तिचा आकडा ९.६२ पेक्षा थोडा वेगळा येईल. कुठली चाचणी वापरली ते नमूद करावं.

तीन गट असले की जोड्या तीन होतात, पण तक्त्यात दोनच ओळी येतात. तिसरी जोडी मुद्दाम काढावी लागते:

```
lincom [Uninsure]1.nonwhite - [Prepaid]1.nonwhite, rrr
```

उत्तर वर येऊन गेलं आहे, ०.७५, पी ०.४८. हे का काढायचं? कारण 'प्रीपेडची ओळ लक्षणीय, विमा नसलेल्यांची नाही, म्हणजे या दोन गटांवर वर्णाचा संबंध वेगवेगळा आहे' असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. त्या दोन सहगुणकांतला फरकच तपासला तर तो या डेटात सिद्ध होत नाही. एक लक्षणीय आणि दुसरा नाही, यावरून दोघांत फरक आहे असं ठरत नाही.

वाचकाला हवे असलेले आकडे

आरआरआर द्यावेतच, पण एकटे देऊ नयेत. त्यांच्या शेजारी प्रत्येक गटाची अंदाजित संभाव्यता आणि तिच्यातला फरक द्यावा. इथे संदर्भ गटाचा प्रश्नच उरत नाही, आणि तिन्ही गटांच्या ओळी मिळतात.

```
margins nonwhite
margins, dydx(nonwhite)
```

स्टेटा १४ पासून `margins` सगळ्या गटांचे आकडे एकदम देतं. त्याआधीच्या आवृत्तीत प्रत्येक गटासाठी `predict(outcome(2))` असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर फक्त पहिल्या गटाचं उत्तर येतं. `i.` न लावता चल दिला तर `dydx` ० ते १ हा थेट फरक न देता उताराचा अंदाज देतं, म्हणून `i.nonwhite` असंच लिहावं.

| गट | श्वेतेतर वजा श्वेतवर्णीय, टक्के बिंदू | ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल |
|---|---|---|
| इन्डेम्निटी | −१५.२ | −२४.८ ते −५.६ |
| प्रीपेड | +१५.० | ५.२ ते २४.८ |
| विमा नाही | +०.२ | −५.० ते ५.४ |

तिन्ही फरकांची बेरीज शून्य यायलाच हवी, कारण संभाव्यतांची बेरीज दोन्हीकडे शंभर टक्के असते. ही फुकटातली पडताळणी आहे. बेरीज शून्य येत नसेल तर एखादा गट निसटला आहे किंवा आकडे वेगवेगळ्या मॉडेलांतून आले आहेत.

वय, लिंग, उपचाराचं ठिकाण असे चल मॉडेलमध्ये घातले की हे आकडे साध्या तक्त्याशी जुळणार नाहीत. मग `margins` प्रत्येक व्यक्तीची संभाव्यता काढून त्यांची सरासरी देतं. ती सरासरी कुणावर घेतली, हे तक्त्याखाली एका ओळीत सांगावं.

आयआयएची चाचणी

समीक्षक हमखास विचारतात: असंबद्ध पर्यायांपासूनच्या स्वातंत्र्याचं गृहीतक, म्हणजे आयआयए, तपासलं का? या छोट्या मॉडेलमध्ये त्याला उत्तर सोपं आहे. विमा नसलेल्यांचा गट काढून टाकला तरी ६९/४३ आणि २०८/२५१ हे भागाकार बदलत नाहीत, आरआरआर १.९४ तसाच राहतो. एकाच दोन-गटी चलाच्या मॉडेलमध्ये ही तपासणी काही सांगूच शकत नाही. मोठ्या मॉडेलमध्ये हाउसमन चाचणी लावता येते, पण तिचा काय-वर्ग कधीकधी ऋण येतो. अशा चाचणीवर पानं खर्च करण्यापेक्षा दोन पर्याय एकमेकांची हुबेहूब जागा घेणारे आहेत का, याचा विषयाच्या अंगाने विचार करून दोन वाक्यं लिहिणं बरं.

निबंधात काय लिहायचं

पद्धतीच्या भागात: 'विम्याचा प्रकार (इन्डेम्निटी, प्रीपेड, विमा नाही) हा क्रम नसलेला चल असल्याने मल्टिनोमियल लॉजिस्टिक रिग्रेशन वापरलं. इन्डेम्निटी हा सर्वांत मोठा आणि तुलनेसाठी स्वाभाविक गट म्हणून संदर्भ ठेवला. वर्णासाठी श्वेतवर्णीय हा संदर्भ आहे. सहगुणकांचे घातांकी रूप सापेक्ष जोखीम गुणोत्तर (आरआरआर) म्हणून दिलं आहे. ६४४ पैकी विम्याचा प्रकार नोंदलेला नसलेले २८ जण वगळले.'

संदर्भ गट दोन आहेत, एक परिणामाचा आणि एक भाकीतकारकाचा. दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत सांगावेत. 'संदर्भ गट: श्वेतवर्णीय' एवढंच लिहून थांबलेले तक्ते फार दिसतात.

निकालाच्या भागात: 'वर्ण आणि विम्याचा प्रकार यांचा संबंध आढळला (लाइकलिहुड रेशो काय-वर्ग ९.६२, मुक्तांश २, पी ०.००८). इन्डेम्निटीऐवजी प्रीपेड असण्याची सापेक्ष जोखीम श्वेतेतर रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या १.९४ पट होती (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल १.२७ ते २.९६). प्रीपेडचं प्रमाण श्वेतवर्णीयांत ४२.०% आणि श्वेतेतरांत ५७.०% होतं, फरक १५.० टक्के बिंदू (५.२ ते २४.८). विमा नसलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ७.३% आणि ७.४% होतं (फरक ०.२ बिंदू, −५.० ते ५.४). या गटाचा इन्डेम्निटीच्या तुलनेतला आरआरआर १.४६ (०.६६ ते ३.२४) संदर्भ गटाचं प्रमाण कमी असल्यामुळे एकापेक्षा जास्त दिसतो.'

शेवटचं वाक्य जागा खातं म्हणून काढू नये. ते नसेल तर पुढचा कोणीतरी १.४६ उचलून 'विमा नसण्याचा धोका' म्हणून आपल्या आढाव्यात लावेल.

मॉडेल मोठं करताना एक मर्यादा सांभाळावी. तीन गटांच्या परिणामात प्रत्येक नवा चल दोन सहगुणक आणतो. वय, लिंग, वर्ण आणि तीन ठिकाणं घेतली की स्थिरांक सोडून १० सहगुणक होतात, आणि त्यांतल्या निम्म्यांचा भार विमा नसलेल्या ४५ जणांवर येतो. त्यात वर्ण आणि ठिकाण यांची आंतरक्रिया घातली तर ९ जण तीन ठिकाणी विभागले जातात, आणि एखादा खाना रिकामा निघण्याची शक्यता बरीच असते. तो रिकामा असल्याची खूण आउटपुटमध्ये लगेच दिसते: आरआरआर शून्याला चिकटलेला किंवा लाखांत, आणि लॉगच्या पातळीवर सहगुणक १५ च्या आसपास पण स्टँडर्ड एरर शेकड्यांत. पॅकेज त्यावर पी ०.९८ छापतं आणि लेखक 'लक्षणीय नाही' असं लिहून पुढे जातो. तो आकडा मुळात अंदाजच नसतो. अशा वेळी आंतरक्रिया काढावी किंवा ठिकाणं एकत्र करावीत, आणि जे केलं ते पद्धतीच्या भागात नोंदवावं.